हूम आणि फ्यूअर : चूक कोणती, सोवळें कोणतें?

मरोळ हें एके काळीं साष्टी बेटावरचें शेतीभातीचें गांव होतें. आज तेथें औद्योगिक वसाहत आहे, कचेऱ्या आहेत, आणि त्या कचेऱ्यांत काम करणाऱ्यांच्या गृहसंस्था आहेत. कचेरी म्हटली कीं दाखला आलाच, आणि दाखला म्हटला कीं त्याच्या माथ्यावर ‘टु हूमसोएव्हर इट मे कन्सर्न’ हें ब्रीदवाक्य आलेंच. दाखला नोकरीचा असो, पगाराचा असो, कीं मुलाच्या शाळेचा असो, हे पांच शब्द श्रीकारासारखे वर बसलेले असतात. त्यांत ‘हूम’ कां, ‘हू’ कां नाहीं, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. श्रीकाराचा अर्थ तरी कोण विचारतो? परंतु या सवयीचा एक परिणाम झाला आहे. ‘हूम’ म्हणजे ‘हू’ या शब्दाचें भारदस्त, कचेरीला शोभणारें रूप, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित वर्गांत रुजली आहे. तिच्याच जोडीला दुसरी समजूत आहे ती अशी कीं, ‘फ्यूअर’ म्हणजे ‘लेस’ या शब्दाचें शुद्ध रूप. या दोन समजुतींच्या पोटीं खऱ्या चुका किती जन्मतात, आणि जें चूक म्हणून हिणविलें जातें त्यांतलें खरोखर चूक किती असतें, याचा थोडा विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे.

हा विचार केवळ पंडितांचा नव्हे, हें दाखविण्यास एक हकीगत पुरे होईल. मरोळमधील एका गृहसंस्थेंत मराठी शाळेंत शिकलेला एक तरुण कारकून होता. एका गुरुवारीं पाणी दोन तासांहून कमी वेळ येणार होतें, म्हणून त्यानें फलकावर इंग्रजींत सूचना लावली, आणि तींत ‘फॉर लेस दॅन टू अवर्स’ असें लिहिलें. इंग्रजीबद्दल नांवाजलेल्या एका निवृत्त सभासदांनीं तांबड्या शाईनें ‘लेस’ खोडून वर ‘फ्यूअर’ लिहिलें, आणि समासांत व्याकरण शिकण्याचा उपदेशहि केला. येणारे जाणारे तें वाचून हसले. तरुण वरमला. पुढच्या आठवड्यांत बाहेरगांवीं जाणाऱ्यांनीं घराच्या किल्ल्या पहाऱ्यावर जो असेल त्याच्यापाशीं द्याव्या, अशी सूचना त्याला लिहावयाची होती. या खेपेस कोणी हसूं नये म्हणून त्यानें दाखल्यावरचा भारदस्त शब्द घेतला, आणि ‘टु हूमसोएव्हर इज ऑन ड्यूटी’ असें लिहिलें. ती सूचना कोणीहि खोडली नाहीं. गंमत अशी कीं, त्याचें पहिलें वाक्य निर्दोष होतें, तांबड्या शाईची दुरुस्ती अनाठायीं होती, आणि जें कोणाच्याहि नजरेस आलें नाहीं तें दुसरें वाक्य मात्र खरोखर चुकलेलें होतें. पुढें इंग्रजी सूचना लिहिण्याचें काम त्यानें दुसऱ्याकडे सोंपविलें, आणि वरच्या जागेसाठीं करावयाचा अर्जहि केला नाहीं. कारण तो अर्ज इंग्रजींत लिहावा लागणार होता.

आतां ‘हू’ आणि ‘हूम’ पाहूं. मराठी माणसाला विभक्ति नवी नाहीं. ‘कोण आला’, ‘कोणीं पाहिलें’, ‘कोणाला पाहिलें’ हे भेद आपल्या घरांतलीं पांच वर्षांचीं मुलें न चुकतां करितात. इंग्रजींतहि एके काळीं नामांना विभक्तीचे प्रत्यय होते. ते झिजून गेले आणि कांहीं सर्वनामांतच त्यांची खूण उरली. ‘ही’चें ‘हिम’, ‘दे’चें ‘देम’, तसेंच ‘हू’चें ‘हूम’. या तिन्ही रूपांच्या शेवटीं जो ‘म’ आहे तो जुन्या चतुर्थीचा अवशेष आहे. म्हणून परीक्षा सोपी आहे. प्रश्नाचें उत्तर इंग्रजींतच द्यावें. उत्तरांत ‘हिम’ आलें तर प्रश्नांत ‘हूम’ शोभतें, ‘ही’ आलें तर ‘हू’च हवें. ‘आय सॉ हिम’ हें उत्तर असेल, तर ‘हूम डिड यू सी?’ हा प्रश्न व्याकरणाला धरून आहे.

पण मग ‘हू डिड यू सी?’ असें म्हणणारा चुकला काय? येथें सोवळें सुरू होतें. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे ते लोक शेंकडों वर्षें असेंच बोलत आले आहेत. शेक्सपिअरच्या नाटकांतल्या पात्रांच्या तोंडीं हें रूप आहे. १७६२ सालीं रॉबर्ट लौथ या धर्मोपदेशकानें इंग्रजीचें जें छोटें व्याकरण लिहिलें, त्यांत शेक्सपिअरचीं असलीं वाक्यें चुकीचीं म्हणून दाखविलेलीं आहेत. उलट १७८९ सालीं अमेरिकन कोशकार नोआ वेब्स्टर यानें बोलण्यांतल्या ‘हू’चीच बाजू घेतली. पुढें १९२१ सालीं एडवर्ड सपीर या भाषाशास्त्रज्ञानें तर असें भाकीत केलें कीं, दोनएकशें वर्षांत मोठ्यांतले मोठे कायदेपंडितहि अशा प्रश्नांत ‘हूम’ म्हणेनासे होतील. असें कां व्हावें, याचें कारण समजण्यासारखें आहे. मराठींत कर्ता कोण आणि कर्म कोण हें प्रत्यय सांगतो; म्हणून ‘रामानें गोविंदाला पाहिलें’ हें वाक्य ‘गोविंदाला रामानें पाहिलें’ असें फिरविलें तरी अर्थ ढळत नाहीं. इंग्रजींत प्रत्यय गेले, आणि हें काम शब्दाच्या जागेकडे आलें. क्रियापदापूर्वीची जागा कर्त्याची. प्रश्न विचारतांना प्रश्नार्थक शब्द वाक्याच्या आरंभीं येतो, म्हणजे कर्त्याच्या गादीवर बसतो, आणि मग त्याला कर्त्याचा पोशाख चढविला जातो. हें अज्ञान नव्हे. ही त्या भाषेची चाल आहे. मात्र जेथें ‘टु’, ‘ऑफ’, ‘विथ’ असा शब्द लगेच आधीं येतो तेथें गादीचा मोह उरत नाहीं. म्हणून ‘टु हूम’ आणि ‘टू ऑफ हूम’ हीं रूपें लेखनांत आजहि ठाम आहेत, आणि तेथें ‘हू’ लिहिल्यास शिकलेल्या वाचकाला खटकतें.

खरी चूक असते ती उलट दिशेची. कर्त्याच्या जागीं ‘हूम’ घालणें ही ती चूक, आणि ती अडाणी माणूस करीतच नाहीं. अर्धा नियम शिकलेला माणूस करितो. वर्गावर येणाऱ्या एका बाईंविषयीं ‘द लेडी हूम वी थॉट वॉज द टीचर’ असें कोणी लिहिलें, तर तें चूक आहे. ‘वी थॉट’ हे दोन शब्द मध्यें शिरल्यामुळें लिहिणाऱ्याला वाटतें कीं, ‘आम्ही समजलों’ या क्रियेचें तें कर्म असलें पाहिजे. याच ठिकाणीं मराठी आपल्या उपयोगी पडते. वाक्य मराठींत आणावें: ‘ज्या बाई शिक्षिका आहेत असें आम्हांस वाटलें’. येथें ‘ज्या’ ही प्रथमा आहे, म्हणून ‘हू’. आतां वाक्याचा शेवट बदलून ‘वी थॉट टु बी द टीचर’ असा करावा, म्हणजे मराठी होतें तें असें: ‘ज्या बाईंना आम्ही शिक्षिका समजलों’. आतां ‘ज्या बाईंना’ आलें, म्हणून ‘हूम’. ही ठेंच थोरांनाहि लागलेली आहे. १६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलांत, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १६ व्या अध्यायांत, लोकांच्या मतें आपण कोण आहों असें येशू शिष्यांस विचारतो. तेथें ‘हूम’ छापलेलें आहे, आणि इंग्रजी व्याकरणाप्रमाणें ‘हू’ हवें होतें. मूळ ग्रीकांत तशा रचनेंत कर्ताहि द्वितीयेंत जातो, आणि भाषांतरकारांच्या कानांत ती द्वितीया राहिली असावी. आधुनिक भाषांतरांत तेथें ‘हू’ केलेलें आढळतें.

मराठीची ही कसोटी उपयुक्त असली तरी तिला एक मर्यादा आहे, आणि ती मराठी घरांतल्या विद्यार्थ्यानें नीट ओळखून ठेविली पाहिजे. आपल्या भाषेंत कित्येक क्रियापदांचा खरा धनी चतुर्थींत असतो. भूक लागणें, आवडणें, येणें, मिळणें, माहीत असणें, हवें असणें, हीं तशीं क्रियापदें होत. ‘कोणाला भूक लागली?’ याचें इंग्रजी ‘हू इज हंग्री?’ असेंच होतें. ‘कोणाला माहीत आहे?’ याचें ‘हू नोज?’, ‘कोणाला बक्षीस मिळालें?’ याचें ‘हू गॉट द प्राइज?’. ‘कोणाला’ दिसलें कीं ‘हूम’ लिहावें असा नियम केला, तर या सर्व ठिकाणीं हमखास पाय घसरतो. म्हणून अशा क्रियापदांच्या बाबतींत मराठी बाजूस ठेवावी आणि इंग्रजी उत्तराची परीक्षा घ्यावी. ‘ही इज हंग्री’ असें उत्तर येतें, ‘हिम इज हंग्री’ असें येत नाहीं, तेव्हां ‘हू’.

आतां किल्ल्यांची सूचना पाहूं, कारण सर्वांत बिकट जागा तीच आहे. ‘पहाऱ्यावर जो असेल त्याला किल्ल्या द्याव्या’ या मराठी वाक्यांत दोन सर्वनामें आहेत, ‘जो’ आणि ‘त्याला’. ‘जो’ हा ‘असेल’चा कर्ता, आणि ‘त्याला’ हें ‘द्याव्या’कडे जातें. इंग्रजींत हीं दोन्ही एकाच शब्दांत कोंबलीं जातात. मग त्या एका शब्दानें कोणाची विभक्ति घ्यावयाची? इंग्रजीचा नियम असा कीं, ‘जो’ची घ्यावयाची, ‘त्याला’ हा भाग आधींच्या ‘टु’नें आपल्या अंगावर घेतलेला असतो, आणि पुढचें सबंध उपवाक्य त्या ‘टु’च्या हातीं दिलेलें असतें. ‘जो’ हा कर्ता, म्हणून ‘टु हूएव्हर इज ऑन ड्यूटी’. कारकुनाला ‘टु’ या शब्दानें फसविलें. ‘टु’च्या मागें ‘हूम’ येतें हें त्यानें शेंकडों दाखल्यांवर पाहिलें होतें. पण दाखल्याचें मराठी करून पाहावें: ‘हें ज्याला लागू असेल त्याला’. येथें ‘जो’ नाहीं, ‘ज्याला’ आहे. लागू असणारी वस्तु वेगळी, आणि ज्याला ती लागते तो वेगळा. म्हणून दाखल्यावरचें ‘हूम’ बरोबर आणि किल्ल्यांच्या सूचनेंतलें चूक. दोन्ही ठिकाणीं ‘टु’ एकच; निर्णय मात्र ‘टु’ देत नाहीं, त्याच्या पुढचें क्रियापद देतें. एवढें जें ध्यानांत ठेवील त्याला ‘हूम’चें भय धरण्याचें कारण उरत नाहीं.

‘फ्यूअर’ आणि ‘लेस’ यांची कथा निराळी आहे, पण तिचा शेवट तोच आहे. शाळेंत शिकविला जाणारा नियम असा: मोजतां येणाऱ्या वस्तूंना ‘फ्यूअर’, न मोजतां येणाऱ्या वस्तूंना ‘लेस’; फ्यूअर पुस्तकें, लेस दूध. मराठींत हा भेदच नाहीं. कमी पुस्तकें, कमी दूध, जास्त पुस्तकें, जास्त दूध, असें आपण खुशाल म्हणतों. इंग्रजींतहि ‘अधिक’ या बाजूला हा भेद नाहीं. ‘मोअर’ हा एकच शब्द पुस्तकांना आणि दुधाला चालतो, आणि त्यावांचून कोणाचें अडलेलें नाहीं. मग ‘उणे’ या बाजूलाच हा पहारा कां बसला? इतिहास पाहिला तर उत्तर मिळतें. नवव्या शतकांत राजा आल्फ्रेड याच्या नांवावर असलेल्या एका भाषांतरांत ‘लेस’ हा शब्द शब्दांच्या संख्येला लावलेला आहे. जुनी रचना षष्ठीची, म्हणजे ‘शब्दांचें कमीपण’ अशा धर्तीची होती. पुढें षष्ठीचा प्रत्यय झिजला आणि ‘लेस’ शब्दाशेजारीं नुसतें अनेकवचन उरलें. कित्येक शतकें त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. १७७० सालीं रॉबर्ट बेकर या लेखकानें इंग्रजीवरील आपल्या टिपणांत, संख्येच्या बाबतींत ‘फ्यूअर’ अधिक बरें वाटतें, असा अभिप्राय दिला. त्यानें तो आपली आवड म्हणून दिला होता. पुढच्या पंतोजींनीं त्या आवडीचा कायदा केला.

हा कायदा जेथें अक्षरशः लावला जातो तेथेंच त्याची फजिती होते. दोन तास मोजतां येतात हें खरें. पण ‘दोन तासांहून कमी’ म्हणतांना आपण एक आणि दोन असे सुटे तास मोजीत नसतों, सलग काळाचें माप सांगत असतों. पाणी एक तास चाळीस मिनिटें आलें तरी तें दोन तासांहून कमीच. म्हणून इंग्रजींत काळ, अंतर, वजन आणि पैसा यांच्या मापापुढें ‘लेस’ हाच रूढ आणि निर्दोष शब्द आहे, आणि चांगले कोशकारहि तसेंच सांगतात. येथें मराठीची एक सोपी परीक्षा हाताशीं आहे. ‘कमी’ या शब्दापुढें ‘वेळ’, ‘अंतर’, ‘वजन’ किंवा ‘रक्कम’ असा एकवचनी शब्द घालून पाहावा. ‘दोन तासांहून कमी वेळ’, ‘पांच किलोमीटरांहून कमी अंतर’, ‘पन्नास रुपयांहून कमी रक्कम’. शब्द सहज बसला कीं ‘लेस’ लिहावें. ‘पांच मुलांहून कमी’ या ठिकाणीं असा शब्द बसत नाहीं, पुन्हा ‘मुलें’च घालावीं लागतात, तेथें औपचारिक लेखनांत ‘फ्यूअर’ लिहावें. या परीक्षेनें तांबड्या शाईची दुरुस्ती निकालांत निघते. आणि ज्यानें बोलतां बोलतां ‘लेस’ पुस्तकें म्हटलीं त्यानें भाषेचा अपराध केला असें नव्हे. त्यानें जुनी वाट धरली, इतकेंच. परंतु ‘फ्यूअर मिल्क’ किंवा ‘फ्यूअर ट्रॅफिक’ असें इंग्रज मुलाच्या तोंडूनहि कधीं निघत नाहीं. तें येतें नियमाचा धाक बसलेल्या परकी विद्यार्थ्याच्या लेखणींतून, आणि ती खरी चूक आहे. या वादाला कंटाळून इंग्लंडांतील टेस्को या दुकानांच्या मंडळीनें २००८ सालीं दहा वस्तूंपर्यंतच्या गिऱ्हाइकांसाठीं लाविलेल्या पाटीवरचा ‘लेस’ काढला आणि ‘अप टु’ लिहिलें. म्हणजे फ्यूअर घेतला नाहीं आणि लेस ठेविला नाहीं.

दोन्ही जोड्यांत एकच गोष्ट दिसते. ‘हूम’च्या जागीं ‘हू’, किंवा ‘फ्यूअर’च्या जागीं ‘लेस’, हा फार तर प्रसंगाचा प्रश्न आहे. घरीं साधी पैरण आणि समारंभाला अंगरखा, तसा. परीक्षेंत, अर्जांत आणि छापील लेखांत अंगरखा घालावा, कारण तेथें वाचणारा तो अपेक्षितो. परंतु ‘हू’च्या जागीं ‘हूम’, आणि ‘लेस’च्या जागीं ‘फ्यूअर’, ही चूक कोणत्याहि प्रसंगीं चूकच. म्हणून ज्याला शंका येईल त्यानें साधा शब्द लिहावा. साध्या शब्दानें फार झालें तर लेखन थोडें घरगुती वाटेल. भारी शब्द अस्थानीं पडला तर वाक्यच मोडतें. दुसऱ्याचें लेखन तपासणारानेंहि हाच क्रम पाळावा: आधीं मोडलेलें वाक्य शोधावें, आणि तें नसेल तर तांबडी शाई दौतींतच राहूं द्यावी.

हें सर्व परक्या भाषेचें झालें, असें म्हणून हंसणाऱ्यांनीं आपल्या घराकडेहि पाहावें. ‘आम्ही गेलों’ यांतील ‘आम्ही’ वर टिंब नाहीं, आणि ‘आम्हीं केलें’ यांतील ‘आम्हीं’ वर तें आहे. कारण दुसऱ्या वाक्यांत तृतीया आहे. ज्याला उच्चार उरलेला नाहीं असें हें टिंब विभक्तीची खूण म्हणून आपण कित्येक पिढ्या जपलें, आणि तें न देणाऱ्या मुलाचे गुण कापले. १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं असले अनुच्चारित अनुस्वार काढून टाकिले. त्यानंतर मराठी वाचणारा कोणीहि ‘आम्ही केले’ या वाक्यांतला कर्ता शोधतांना अडखळलेला नाहीं. क्रियापद तें काम करीतच होतें, जसें इंग्रजींत शब्दाची जागा करिते. या लेखांत तीं टिंबें आहेत तीं आमच्या जुन्या वळणामुळें. वाचकांच्या घरांतील मुलांनीं तीं देऊं नयेत, आणि न दिल्याबद्दल त्यांस कोणी अशुद्ध म्हणूं नये.